तुतारी, पिपाणी आणि मताचा बाजार

४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागले. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी निवडून आले आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे शशिकांत शिंदे पडले. त्याच यादीत एक अपक्ष होता, राज्यात फारसा कुणाला ठाऊक नसलेला. त्याला मिळाली ३७,०६२ मतं. म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त.

या अपक्षाकडे नाव नव्हतं, पण चिन्ह होतं. शिंदे यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. अपक्षाचं चिन्ह इंग्रजी यादीत ‘ट्रम्पेट’, बँडवाले वाजवतात तसलं वाद्य. पण मराठी यादीत त्याचंही नाव छापलं होतं ‘तुतारी’. निकालानंतर गावोगावच्या कट्ट्यांवर एकच शब्द फिरत होता: पिपाणी. पिपाणीनं घात केला.

मार्केटिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. नावाजलेल्या साबणाच्या शेजारी तसाच रंग, तसंच वेष्टण आणि एका अक्षराचा फरक असलेला साबण ठेवायचा, घाईत असलेलं गिऱ्हाईक तोच उचलतं. मग मनात येतं, पक्ष म्हणजे ब्रँड, उमेदवार म्हणजे माल, मतदार म्हणजे गिऱ्हाईक, मग निवडणूक म्हणजे बाजारच की. ही तुलना बरीच लांबपर्यंत चालते. पण ती जिथे अडखळते तिथे मतदाराच्या हातून फार मोठं काही निसटतं, आणि पिपाणीच्या गोष्टीत ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

तुलना आजची नाही. अमेरिकेत १९५२ साली आयसेनहॉवर यांच्यासाठी टीव्हीवरच्या छोट्या जाहिराती तयार केल्या त्या रॉसर रीव्ह्ज या जाहिरातवाल्यानं, जो एरवी गोळ्या-चॉकलेटं आणि औषधं विकत असे. त्यांचे विरोधक अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी १९५६ साली पक्षाच्या अधिवेशनात बोलून दाखवलं की मोठ्या पदाचे उमेदवार न्याहारीच्या पदार्थासारखे विकता येतात ही कल्पनाच लोकशाहीचा अपमान करणारी आहे. स्टीव्हन्सन दोन्ही वेळा हरले. तेव्हापासून वाद या दोन टोकांत अडकलाय: एकजण म्हणतो हे चालतं, दुसरा म्हणतो हे घाण आहे. ‘चालतं ते कशामुळे आणि कुठपर्यंत’ हा प्रश्न मधल्यामध्ये राहून जातो.

तुलना कुठे खरी ठरते

साताऱ्याकडच्या एका गावात माझी मावशी राहते. मतदानाला निघताना ती घरातल्यांना एकच विचारते, “चिन्ह कुठलं आपलं?” ती अडाणी नाही. रोजचा पेपर वाचते, ग्रामसभेला जाते. पण मतदानयंत्रासमोर तिच्याकडे असतो जेमतेम अर्धा मिनिट. एका यंत्रावर सोळा ओळी, प्रत्येक ओळीत क्रमांक, नाव, छोटासा फोटो, काळ्या रेषांत काढलेलं चिन्ह आणि निळं बटण. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. एवढ्या वेळात कुणी जाहीरनामा आठवत बसत नाही. डोळा चिन्ह शोधतो.

दुकानात हेच होतं. गिऱ्हाईक पुड्यावरचे घटक वाचत नाही, रंग आणि खूण ओळखतं. आपल्या कायद्यानंही हे फार पूर्वी मान्य केलंय. ‘अमृतधारा’ या औषधाच्या मालकांनी ‘लक्ष्मणधारा’ या नावाला हरकत घेतली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली कसोटी लावली ती अशी: दोन नावं शेजारी ठेवून, फोड करून, अर्थ लावून बघायचं नाही. साधारण बुद्धीचा, घाईतला आणि नाव अर्धवट आठवणारा माणूस फसेल का, ते बघायचं. त्या कसोटीवर दोन्ही नावं गोंधळ करण्याइतकी सारखी ठरली. (वेगळ्या कारणांमुळे लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, पण कसोटी तीच राहिली.)

अर्धवट आठवण हा शब्द धरून ठेवा. मावशीच्या डोक्यात ‘तुतारी’ एवढंच असतं. माणूस वाजवतोय की वाद्य नुसतंच आहे, तुतारी वळणदार आहे की सरळ, हे शेजारी ठेवून बघितल्यावर सुचतं. यंत्रावर ती दोन चिन्हं आठ ओळींच्या अंतरावर असू शकतात.

नवा ब्रँड बाजारात कसा उतरवावा याचं तर तुतारी हे जवळजवळ धड्यासारखं उदाहरण आहे. निवडणूक आयोगानं ६ फेब्रुवारी २०२४ला ‘राष्ट्रवादी काँग्रेस’ हे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिलं. १९९९पासून लोकांच्या डोळ्यांत बसलेली खूण एका आदेशानं दुसरीकडे गेली. २२ फेब्रुवारीला शरद पवारांच्या गटाला नवं चिन्ह मिळालं आणि २४ फेब्रुवारीला त्याचं अनावरण झालं रायगडावर. जागा अशी निवडली की तुतारीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागू नये. साताऱ्याचं मतदान होतं ७ मेला, म्हणजे हाताशी होते ७५ दिवस. एवढ्या दिवसांत राज्यभर दहा जागा लढवून या पक्षानं आठ जिंकल्या. कुठलीही कंपनी नव्या नावाला अडीच महिन्यांत एवढी ओळख मिळवून देऊ शकली तर ती त्यावर वर्षभर भाषणं देईल. अर्थात इथे खरी ओळख शरद पवार या माणसाची होती, चिन्ह त्या ओळखीला जोडलं गेलं.

दुसरीही एक गोष्ट या तुलनेतून नीट समजते. माल विकण्याच्या दोन पद्धती असतात. एक, आपल्याकडे आहे तो माल जोरात विकायचा. दुसरी, लोकांना काय हवंय ते आधी बघायचं आणि माल तसा करायचा. लोकसभेत मार बसल्यावर महायुती सरकारनं दुसरी वाट धरली. २८ जून २०२४ला अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, महिन्याला १,५०० रुपये थेट बायकांच्या खात्यात, आणि ऑगस्टमध्ये पहिले हप्ते पडलेसुद्धा. निवडणूक नोव्हेंबरमध्ये. सभेत ऐकलेलं भाषण विसरलं जातं, पण बँकेचा मेसेज बाई जपून ठेवते आणि शेजारणीला दाखवते. त्याच काळात अजित पवारांच्या पक्षानं गुलाबी रंग उचलला, जाकिटांपासून फलकांपर्यंत, आणि आपल्या काही जाहिरातींत योजनेच्या नावातला ‘मुख्यमंत्री’ हा शब्द गाळला. त्यावरून मित्रपक्षांत नाराजी झाली. एकाच मालावर कुणाचं नाव छापायचं याचं हे भांडण कुठल्याही भागीदारीच्या धंद्यात शोभलं असतं.

इथपर्यंत तुलना आपल्याला खरोखर काही शिकवते. ओळख कशी बसते, ऐन क्षणी डोळा काय शोधतो, पक्ष लोकांचं म्हणणं कधी ऐकतात. आता ती जिथे तुटते तिकडे जाऊ.

नकली माल आणि त्यावरची दाद

साबणाची नक्कल झाली तर कंपनी काय करते? वकिलामार्फत नोटीस, मग न्यायालयात तातडीचा अर्ज, आणि प्रकरण पक्कं असेल तर काही दिवसांत नकली मालाच्या विक्रीला मनाई. फसलेलं गिऱ्हाईक दुकानात जाऊन माल परत करतं, नाहीतर निदान पुढच्या आठवड्यात नीट बघून खरा साबण घेतं. चूक महाग नसते आणि दुरुस्त होते.

निवडणुकीत यातलं एकेक निखळत जातं. पहिलं म्हणजे चिन्ह पक्षाच्या मालकीचं नसतंच. १९६८च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार चिन्हं आयोग राखून ठेवतो आणि वाटतो. पक्ष फुटला तर त्याच आदेशाच्या १५व्या परिच्छेदाखाली आयोगच ठरवतो खरा पक्ष कुठला. काँग्रेस १९६९ साली फुटली तेव्हा बैलजोडी कुणाची हा वाद असाच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चिन्ह ही हातात धरता येणारी मालमत्ता नाही आणि त्यातून संपत्तीही निर्माण होत नाही, असं न्यायालयानं नंतरच्या एका निकालात सांगून टाकलं आहे. उद्धव ठाकरे यांच्या गटाला मिळालेल्या मशालीवर समता पक्षानं हक्क सांगितला तेव्हा २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयानं तो मान्य केला नाही. साबणाचं नाव हे कंपनीचं सगळ्यात मौल्यवान धन असतं. पक्षाचं चिन्ह म्हणजे भाड्याचं घर, आणि घरमालक कधीही कागद मागू शकतो.

याचा एक विलक्षण नमुना १९ मार्च २०२४ला दिसला. सर्वोच्च न्यायालयानं अजित पवार गटाला घड्याळ वापरू दिलं, पण अट घातली: घड्याळाचा वाद न्यायप्रविष्ट आहे हे वर्तमानपत्रांत जाहीर करायचं आणि प्रत्येक पत्रकावर, प्रत्येक जाहिरातीत लिहायचं. ‘या नावाचा खरा मालक अजून ठरायचा आहे’ असं पुड्यावर छापून कुणी बिस्किटं विकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरं, निवडणूक सुरू झाली की न्यायालयाची दारं जवळजवळ बंद होतात. राज्यघटनेच्या ३२९व्या कलमानुसार निवडणुकीला आव्हान द्यायचं ते निकालानंतर, निवडणूक याचिकेनंच, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तीही ४५ दिवसांच्या आत. यामागचं कारण योग्य आहे. प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी स्थगिती आणत बसला तर मतदान कधी होणारच नाही. पण परिणाम असा की बाजारात नकली माल विक्रीच्या आधी थांबवता येतो, इथे विक्री पुरी झाल्यावरच बोलायचं.

तिसरं सगळ्यात खोल आहे. साताऱ्यात पिपाणीमुळेच निकाल फिरला का? हिशेब करून बघू. शिंदेंना जिंकायला आणखी ३२,७७२ मतं हवी होती. पिपाणीला पडली ३७,०६२. म्हणजे पिपाणीच्या दर शंभरातली ८८ हून अधिक मतं चुकून पडली असतील आणि ती सगळी शिंदेंनाच जायची असतील, तरच निकाल फिरतो. ही अट फार कडक आहे. अपक्षाला काही मतं त्याच्या गावाची, नात्यागोत्याची, रागाची असतातच. दुसरीकडे, एखाद्या अनोळखी अपक्षाला लोकसभेत ३७ हजार मतं सहसा पडत नाहीत, त्यामुळे त्यांतली बरीच चुकून पडली असणार हेही उघड आहे. शेजारचा पुरावाही आहे. त्याच निवडणुकीत दिंडोरीत पिपाणी असलेल्या अपक्षाला १ लाख ३ हजार ६३२ मतं पडली. तिथे तुतारीचे उमेदवार भास्कर भगरे, लोकांमध्ये ‘भगरे सर’. आणि या अपक्षाचं आडनावही भगरे, पुढे ‘सर’ लावलेलं. भास्कर भगरे तरीही १ लाख १३ हजारांच्या फरकानं निवडून आले म्हणून त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

तर ‘बरीच’ म्हणजे शंभरातली सत्तर की नव्वद? कंपनी असती तर तिनं गिऱ्हाइकांना फोन केला असता, परत आलेला माल मोजला असता, कुठल्या दुकानात काय खपलं त्याची यादी काढली असती. मतदाराला मात्र कुणीही, अगदी न्यायालयसुद्धा, ‘कुणाला मत दिलं’ ते सांगायला भाग पाडू शकत नाही. गुप्त मतदान ही आपली सगळ्यात मोठी ढाल आहे आणि ती तशीच राहायला हवी. पण तिच्यामुळे चूक झाल्याचं सिद्ध करणंही अशक्य होतं. उरतो तो फॉर्म २०, ज्यात केंद्रवार मतं असतात. जाणते कार्यकर्ते तो घेऊन बसतात आणि बघतात: ज्या गावांत आपला जोर आहे, तिथेच पिपाणीचा आकडा फुगलाय का? अपक्षाच्या स्वतःच्या गावाकडे ती मतं दाट असतील तर ती त्याची. आपल्या बालेकिल्ल्यांत सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर ती आपली चुकलेली. अंदाज बांधायला एवढं पुरतं, याचिका जिंकायला नाही.

पाच महिन्यांनी विधानसभेला हाच हिशेब आंबेगावात वेगळा लागला. दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले. हरले ते तुतारीचे देवदत्त निकम. यादीत आणखी एक देवदत्त निकम होते, मधलं नाव वेगळं, चिन्ह पिपाणी, मतं २,९६५. इथे निम्म्याहून थोडी जास्त मतं, शंभरात ५१ हून अधिक, चुकलेली निघाली तरी निकाल फिरतो. साताऱ्यापेक्षा इथला संशय म्हणूनच जास्त वजनदार आहे. तरीही सिद्ध करणार कसं, हा प्रश्न तसाच राहतो.

आयोगानं या दोन निवडणुकांच्या मध्ये काय केलं हेही सांगायला हवं. शरद पवारांच्या पक्षानं पिपाणी गोठवायची मागणी केली. दोन चिन्हं वेगळी दिसतात या कारणानं आयोगानं ती मान्य केली नाही, पण मराठी यादीतलं ‘तुतारी’ हे नाव काढून ‘ट्रम्पेट’ केलं आणि तुतारी वाजवणाऱ्या माणसाचं चित्र यंत्रावर अधिक ठळक करायला होकार दिला. माझ्या मते नाव बदलणं हे अर्धं काम होतं. शेजारी ठेवली की चिन्हं वेगळी दिसतात हे खरं, पण अमृतधारेच्या खटल्यातली कसोटी शेजारी ठेवून बघण्याची नव्हतीच. साबणाला जी कसोटी लागते तीच मतदानयंत्राला लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एकट्यासाठी कुणी विकत घेत नाही

नकली चिन्हाची गोष्ट बाजूला ठेवली, सगळी मतं अगदी जाणूनबुजून पडली असं धरलं, तरी तुलना आणखी एका ठिकाणी तुटते, आणि ते ठिकाण माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं आहे. ब्रिटनमधल्या अँड्र्यू लॉक आणि फिल हॅरिस या अभ्यासकांनी १९९६ साली मालाची खरेदी आणि मतदान यांतले फरक नेमके मांडले होते. त्यांतला एक असा की मतदारानं काहीही निवडलं तरी वाट्याला येतं ते सगळ्यांनी मिळून निवडलेलं.

मी चहा घेतला आणि शेजाऱ्यानं कॉफी घेतली तर मी चहा पितो, तो कॉफी. मतदानात असं होत नाही. साताऱ्यात ५ लाख ३८ हजारांहून अधिक लोकांनी शिंदेंचं बटण दाबलं आणि त्या प्रत्येकाला खासदार मिळाले उदयनराजे. ज्यांनी मतच दिलं नाही त्यांनाही तेच. यात काही चुकीचं नाही, प्रतिनिधी निवडण्याची रीतच ती आहे. पण ‘मतदार हा राजा, गिऱ्हाईक हा राजा’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. गिऱ्हाईक एकटं राजा असतं, मतदार इतरांसोबतच असतो.

यातूनच बाजारातलं दुसरं मोठं गणित कोसळतं, बाजारहिश्शाचं. बाजारात ११ टक्के हिस्सा असलेली कंपनी ९ टक्केवालीपेक्षा जास्त माल विकते, यात वादच नाही. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेत काय झालं? शरद पवारांच्या पक्षाला राज्यभर ११.२८ टक्के मतं पडली आणि जागा आल्या १०. अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के मतं पडली आणि जागा आल्या ४१.

हा आकडा पहिल्यांदा वाचणाऱ्याला काहीतरी गडबड वाटते, म्हणून जरा थांबून बघू. तुतारीनं ८६ जागा लढवल्या, घड्याळानं ५९. जास्त जागा लढवल्या की राज्यभराची बेरीज आपोआप वाढते, त्यामुळे ११ टक्के हा आकडा थोडा फसवा आहे. पण खरी गंमत प्रत्येक मतदारसंघात आहे. तिथे जो पहिला तो पूर्ण जागा घेतो, दुसऱ्याची एक लाख मतंही शून्य जागांएवढी. तुतारीला ठिकठिकाणी भरपूर मतं पडली, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. घड्याळाची मतं मित्रपक्षांच्या मतांसोबत मोजक्या जागांवर एकत्र आली आणि रेषेपलीकडे गेली. मार्केटिंगवाला म्हणेल विक्री वाढवा. निवडणूक जाणणारा विचारेल, कुठे वाढवायची, आणि सोबत कोण आहे? जागावाटपाच्या बैठका रात्र रात्र चालतात त्या याचसाठी. बाजारात प्रतिस्पर्धी कंपनीला ‘या जिल्ह्यात तू विकू नकोस, मी तुझंच नाव सांगतो’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर तो स्पर्धा कायद्याचा भंग होईल. राजकारणात त्याला युती म्हणतात आणि ती उघडपणे होते.

दाम कोण मोजतं

लाडक्या बहिणीकडे परत येऊ, कारण तुलनेला सगळ्यात घट्ट बसणारं ते उदाहरणच आतून तिला उसवतं. कंपनी नमुन्याची पुडी फुकट वाटते ती स्वतःच्या खिशातून. इथे १,५०० रुपये पक्षाच्या खात्यातून जात नाहीत, राज्याच्या तिजोरीतून जातात. ज्या घरानं महायुतीला मत दिलं नाही ते घरही त्यात भर घालतं, आणि त्या घरातली बाई पात्र असेल तर तिलाही हप्ता मिळतो. हे देणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. महिन्याला १,५०० रुपये स्वतःच्या नावावर येणं हे अनेक बायकांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं आणि त्याचं मोल शहरात बसून कमी लेखू नये. मुद्दा एवढाच की ज्याचं नाव पुड्यावर आहे आणि ज्यानं दाम मोजलं, ते दोघे वेगळे आहेत.

मग निवडणुकीत हप्ता २,१०० करू असं महायुतीनं सांगितलं. महाविकास आघाडीनं ३,००० सांगितले. महायुती जिंकली. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात ही वाढ नव्हती. पुड्यावर ‘२५ टक्के जादा’ छापून कंपनीनं जादा माल घातला नाही तर ग्राहक आयोगात जाता येतं, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे. जाहीरनाम्यातल्या वचनाला तसा दावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली तमिळनाडूच्या एका प्रकरणात म्हटलं की जाहीरनाम्यात फुकट वस्तूंचं आश्वासन देणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट मार्ग ठरत नाही. जाहिरात उद्योगाची स्वतःची परिषद, जी साबणाच्या खोट्या दाव्यांवर तक्रारी घेते, ती राजकीय जाहिराती आपल्या कक्षेत धरत नाही.

आणि तशी दाद असावी का, हाही सोपा प्रश्न नाही. सरकारला वर्षभरात दुष्काळ गाठू शकतो, महसूल आटू शकतो. दिलेला शब्द कधी मागे घेणं शहाणपणाचंही असतं, आणि ते न्यायाधीशानं ठरवू लागलं तर विधानसभेचं काम न्यायालयात जाईल. शिवाय मत दिलं ते फक्त २,१०० साठी दिलं असं कोण म्हणेल? त्याच बटणात रस्ता होता, सोयाबीनचा भाव होता, आरक्षण होतं, उमेदवाराचा चेहरा होता. दुकानात टोपलीत हवं ते टाकून नको ते परत ठेवता येतं. मतदाराला आख्खी टोपली उचलावी लागते, आणि पाच वर्षांसाठी.

यामुळेच मला ‘मतदार भुलतो’ म्हणणाऱ्यांची चीड येते. मावशीनं कुणाला मत दिलं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. मात्र विधानसभेच्या वेळी मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तिनं नातवाला फोनवर दोन्ही चिन्हांची चित्रं मोठी करून दाखवायला लावली, चष्मा पुसून ती एकेक करून बघितली आणि वहीच्या पानावर पेन्सिलीनं एक माणूस काढला, तोंडाशी वळणदार शिंग धरलेला, आणि शेजारी एक सरळ नळी. “म्हणजे उद्या बटण कुठलंही दाबलं,” ती म्हणाली, “तरी ते मला ठाऊक असेल.”